दहा पलंगांची ट्रायल ऑर्डर

पलंग हलतो म्हणजे काय होतं, हे आमच्या खरेदीच्या साहेबांना कधी कळलंच नाही. कळणार कसं? ते लातूरला हेड ऑफिसात फिरत्या खुर्चीवर, आणि मी आमच्या कोचिंग क्लासच्या नांदेड शाखेत मुलींच्या होस्टेलची रेक्टर. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावच्या मुली येऊन राहिलेल्या, त्यांचे एकावर एक असे दुमजली लोखंडी पलंग. वरचीनं कूस बदलली की खालचीचा पेन वहीवर सरकायचा. रोज कुणीतरी दारात उभी. "म्याडम, झोप नाही झाली." अगं बाई, मी काय करू? मी का पलंग बनवते?

हे पलंग ज्याच्याकडून यायचे त्याच्याशी वर्षाचा करार होता. दर ठरलेला, माल त्याचाच घ्यायचा, विषय संपला. तक्रार केली की "माणूस पाठवतो" म्हणायचा. माणूस तीन आठवड्यांनी यायचा, पान्यानं नटं आवळायचा, चहा पिऊन जायचा. आठ दिवसांत पलंग पुन्हा आपल्या मूळ पदावर.

मग एका रविवारी दुपारी ते झालं. वरच्या पलंगावर एक मुलगी डुलकी घेत होती. किल्लारीकडच्या एका पुनर्वसित गावची. खालची मैत्रीण धपकन येऊन बसली, पलंग गदगदला आणि ही "भूकंप!" म्हणून ओरडत वरून खाली. पाय मुरगळला. तिचं ओरडणं ऐकून सगळा मजला अनवाणी जिन्यात. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा यातली एकही जन्मलेली नव्हती. पण आयांनी सांगून सांगून तो पोरींच्या अंगात उतरवलेला. मला मात्र तो आठवत होता. लातूरला आमच्या घराच्या भिंतीला नुसती चीर गेली होती, तरी पुढं सहा महिने आम्ही अंगणात झोपलो. त्या दिवशी जिन्यात रडणाऱ्या मुली बघून माझं टाळकंच सरकलं.

त्याच आठवड्यात खिडक्यांच्या ग्रील दुरुस्तीला एक मिस्त्री आले. अहमदपूरला स्टॅण्डच्या पुढं रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं वेल्डिंगचं शेड. वय पन्नाशीच्या आसपास, बोलणं तुटक. ग्रील झाल्यावर मी म्हणाले, जरा हे पलंग बघता का? त्यांनी एका हातानं पलंग धरला, हलवला आणि खाली वाकून पाहिलं.

"ह्याला कोपराच न्हाई, म्याडम."

"म्हणजे?"

"पायाचा पाइप पातळ हाय ते हाय, पन कोपऱ्याला एकच बोल्ट. मागून तिरपी पट्टी न्हाई. मग हा झुलणारच की. घर काय अन् पलंग काय, कोपरा सुटला की गेलं. आमचं गाव नव्यानं बांधलं तवा इंजिनेर लोकांनी आमाला हेच शिकवलं. पहिले कोपरा बांधा."

त्यांनी सोबतच्या पट्टीतून दोन लांब तुकडे कापले आणि एका पलंगाला मागून तिरपे जोडले. कोपऱ्यांना छोट्या त्रिकोणी पट्ट्या मारल्या. तासाभराचं काम. तो पलंग पुन्हा हलला नाही. पुढचे पंधरा दिवस त्या एका पलंगावरून मुलींची भांडणं सोडवण्यात गेले.

जूनमध्ये नवीन बॅचसाठी साठ पलंग यायचे होते. मी मिस्त्रींना विचारलं, तुम्ही कराल?

"साठ नको. दहा द्या. दोन महिने पोरी वापरू द्या. हलले तर माझ्या खर्चानं वापस नेतो."

"आधी नमुन्याला एक करून पाठवा ना."

"नमुना कोनीबी चांगला करतो, म्याडम. बघायच्या कार्यक्रमाला पोरगी पावडर लावूनच बसती. दहा एकसारखे झाले तर मानूस खरा."

मला हे इतकं पटलं की मी तडक ऑफिसात जाऊन साहेबांना मेल लिहायला बसले. आणि काय लिहिलं? पट्टीचं लिहिलं नाही. कोपऱ्याचं लिहिलं नाही. मिस्त्रींची आई आणि दोन बहिणी भूकंपात गेल्या, हे त्यांनी चहा पिता पिता एका वाक्यात सांगितलं होतं. मी त्याचं रामायण-महाभारत केलं. "दैवाने सर्वस्व हिरावूनही ताठ कण्याने उभ्या राहिलेल्या या कष्टाळू माणसास एक संधी द्यावी." लिहिताना माझेच डोळे भरून आले. वाटलं, दगडालाही पाझर फुटेल. पाठवून दिला.

आठ दिवसांनी उत्तर आलं. "नोटेड."

पुढं काहीच नाही. मी फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा केला तर साहेब जेवायला. तिसऱ्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, आवाज एकदम गोड. "म्याडम, काय लिहिलंय हो तुम्ही! मी मोठ्या सरांना पाठवला. सर फार हळहळले. वार्षिक स्नेहसंमेलनात त्या गृहस्थांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा ठरलंय."

"आणि पलंग?"

"ते वेगळं हो. ती खरेदी आहे."

आता हे मिस्त्रींना कोणत्या तोंडानं सांगायचं? शनिवारी लातूरला मीटिंगला जाताना मी अहमदपूरला एसटीतून उतरले. ते वेल्डिंग करत होते. काळा चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शालीला वेल्डिंग कुठं मारू?"

मी हसायला गेले तर ते हसत नव्हते.

"माझी माय मेली, ती माझी. ते तुमच्या साहेबाला लिवायला तुमाला कोनी सांगितलं? मी काय भीक मागून राहिलो का? मला काम पायजे. लिवायचं तर कामाचं लिवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला, उगाच खोटं कशाला सांगू. एवढी धडपड करा आणि वर बोलणी खा. पण त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून राग धरता येईना. मी पर्समधून वही काढली. म्हटलं, सांगा मग. एकेक सांगा.

दोन तास बसले. मी विचारत गेले, ते शेडमधल्या पाइपांना, पट्ट्यांना हात लावून दाखवत गेले. त्यावरून दुसरा मेल झाला, आणि तो, माझंच कौतुक आहे पण सांगते, फर्मास झाला.

"साहेब, सत्काराचा विषय कृपया बाजूला ठेवावा. साठपैकी फक्त दहा पलंगांची ट्रायल ऑर्डर मागत आहे. उरलेले पन्नास करारानुसारच यावेत. सध्याच्या पलंगाचा पाय वीस गेजच्या पातळ पाइपचा आहे, अहमदपूरचे मिस्त्री सोळा गेजचा, म्हणजे जाड, देतील. सध्या कोपऱ्याला एक बोल्ट आहे, हे दोन बोल्ट आणि त्रिकोणी पट्टी देतील. मागच्या बाजूस पूर्ण लांबीत दोन तिरप्या पट्ट्या, एकमेकींना छेदणाऱ्या; डोक्याकडच्या बाजूस एक. जिन्यातून चढावेत म्हणून बाजू सुट्या, बोल्टांना ढिले न पडणारे लॉकनट. अशी दुरुस्ती केलेला एक पलंग येथे दोन महिन्यांपासून वापरात असून तो हललेला नाही. दहाही पलंग एकाच मजल्यावर लावू, दर आठवड्याला तपासू. नापास झाल्यास परत नेण्याचा खर्च त्यांचा. पैसे पास झाल्यावरच द्यावेत. दुरुस्तीचा माणूस एका दिवसात येईल. आपले नुकसान होण्यास जागा नाही."

पट्ट्यांची मापं, छिद्रांमधली अंतरं, सगळं लिहिलं. वहीतलं हातानं काढलेलं चित्रही फोटो काढून जोडलं. साहेबांना काही विचारायला जागाच राहू नये म्हणून.

या वेळी उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. नवीन पुरवठादाराचा फॉर्म भरा. जीएसटी, पॅन, रद्द केलेला चेक, तीन वर्षांचा ताळेबंद. मिस्त्री दोनदा काम बंद ठेवून सीएकडे जाऊन आले. ते कागद गेले तर आणखी एक दाखला. तो गेला तर सही दिसत नाही. मी इथून फोनवर वाद घालायची, तिकडून ते विचारायचे, "म्याडम, हाव का न्हाई तेवढं सांगा." मी सांगायची, होतंय, होतंय. दहाही पलंग एकसारखे यावेत म्हणून त्यांनी शेडमध्ये लोखंडी साचासुद्धा करून ठेवला.

मे महिन्यात उत्तर आलं. मी ते मुलींसमोरच मोठ्यानं वाचायला घेतलं, इतकी माझी खात्री.

"आपली सूचना अत्यंत उपयुक्त आहे. आपला मेल चित्रासह आपल्या नियमित पुरवठादारास पाठवला होता. त्यांनी याच पद्धतीने साठही पलंग त्याच दरात देण्याचे मान्य केले आहे. त्यामुळे ट्रायल ऑर्डरची आवश्यकता उरत नाही. धन्यवाद."

मी फोन लावला. मीटिंग नाही, जेवण नाही, साहेबांनी लगेच उचलला.

"साहेब, डोकं त्या माणसाचं आहे!"

"म्याडम, तिरप्या पट्टीवर काय कुणाचं नाव असतं का? पलंग हलतो ही तुमची अडचण होती. मिटली ना?"

अडचण मिटली होती. कपाळ माझं! फोन ठेवल्यावर मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की बाहेरची मुलगी आत डोकावली.

त्या शनिवारी पुन्हा अहमदपूरला उतरले. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. मिस्त्रींनी सगळं ऐकलं, चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. फक्त म्हणाले, "तुमी काय लिवलं होतं ते बघू."

मेलची प्रत पर्समध्ये होती. त्यांनी ती उजेडात धरली आणि बोट ठेवत ठेवत वाचत गेले. गेज. बोल्ट. पट्टी. एका मापाशी थांबले, तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि पुढं सरकले. चित्र आडवं करून पाहिलं. मग कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

"सगळं बरोबर लिवलंय, म्याडम. एक बी चूक न्हाई."

जूनमध्ये साठ पलंग आले. मागून दोन तिरप्या पट्ट्या, कोपऱ्याला त्रिकोण, सगळं मापात. हलत नाहीत. नव्या बॅचच्या मुली म्हणतात, म्याडम, इथले पलंग किती भक्कम आहेत, कुठून आणले? मी त्या पुरवठादाराचं नाव सांगते. बिलावर तेच आहे. आणि सांगताना दर वेळी माझा जीव जळतो.