सुतारमामा दांड्याला लोंबकळतात

सुतारमामांची एक खोड आहे: जिन्याच्या भिंतीला दांडा बसवला की ते आधी स्वतः त्याला लोंबकळतात. लोक हसतात.

माझ्या भावाने मात्र आमच्या आईसाठी एका ठेकेदाराकडून दांडा लावून घेतला. तिसऱ्याच दिवशी आईने धरला आणि तो हातात आला. आई चार पायऱ्या खाली, मनगट मोडलं. ठेकेदार म्हणतो कसा, "आजींनी फारच जोर दिला!"

मग बोलावलेल्या मामांनी निखळलेला स्क्रू उचलला. त्याला नुसता प्लास्टरचा चुरा होता. ते कडाडले, "विटेपर्यंत पोचलाच नाही! आणि वळणावर दांडा सलग नाही. म्हणजे तोल जातो तिथेच हात सोडायचा?"

त्यांनी विटेत खोल भोकं पाडली, प्लग घालून लांब स्क्रू पिळले. पायरीच्या कडेपासून तीन फूट उंचीवर, आईचा हात सहज टेकेल असा, वळणासकट सलग दांडा बसवला. ब्रॅकेट खालून, म्हणजे सरकता हात कुठे अडत नाही. मग लोंबकळले. दांड्याने हूं की चूं केलं नाही.

काम बघायला आलेल्या ठेकेदाराला मी विचारलं, "तुमच्या घरी दांडा कोणी लावलाय?"

तो चपला पायात सरकवू लागला. मामाच म्हणाले, "मी. त्याच्या आईसाठी."