नागपूरचे साडेचार

आयर्लंडमधल्या लिमरिकमध्ये मी आणि प्रसन्न एकाच घरात राहतो. रविवारचे पोहे माझे, उपदेश त्याचे. तो वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात सॉफ्टवेअर सांभाळतो. साठवणीच्या खोल्यांचं तापमान त्याच्या प्रोग्रॅममध्ये अर्ध्या अर्ध्या तासाला नोंदलं जातं.

२०२०च्या ऑक्टोबरात त्याने आठवडाभर माझं डोकं खाल्लं.

"रविवारी पहाटे दोन वाजता हिवाळ्यासाठी घड्याळ परत एकवर येणार. म्हणजे दीड दोनदा वाजणार! नुसतं 'दीड' लिहिलं तर पहिला कुठला अन् दुसरा कुठला?"

शेवटी त्याने नोंदी कधीच न सरकणाऱ्या जागतिक वेळेत ठेवल्या, इथली वेळ फक्त पडद्यावर दाखवली. त्याचा आयरिश साहेब "ग्रँड" म्हणाला. स्वारी खूश.

त्याचे बाबा, पद्माकरकाका, नागपूरला एकटेच. त्या उन्हाळ्यात प्रसन्नची आई गेली आणि विमानं बंद असल्याने त्याला जाताही आलं नाही. तेव्हापासून दर रविवारी बाराला तो व्हिडिओ कॉल लावायचा. नागपूरला तेव्हा साडेचार, आई-बाबांच्या चहाची वेळ. बापलेक दोन टोकांना कप घेऊन बसायचे.

"बाबा, आता घड्याळ मागे गेलं. माझे बारा म्हणजे तुमचे साडेपाच. चालेल ना?"

"चालेल रे, मला कुठे ऑफिस आहे?"

हिवाळाभर तसंच चाललं. काका कप धरून बसलेलेच असायचे. मीही पोह्यांची बशी दाखवून त्यांना चिडवायचो. ते हसायचे, पण चहा तोंडाला फारसा लावत नसत. वयाचा परिणाम, असं आम्ही दोघं हुशार समजलो.

मार्चअखेर घड्याळ पुढे गेलं. एकानंतर एकदम दोन. त्या रात्री दीड वाजलाच नाही, आणि कारखान्यातली रोजची दीडची तपासणी चुकू नये म्हणून प्रसन्नने ती आधीच हलवून ठेवली होती. दुपारी बाराला, म्हणजे पुन्हा नागपूरच्या साडेचारला, त्याने कॉल लावला. काका दिसले, पण डोळे दिसेनात. चष्म्यावर वाफ धरली होती.

"आज चहा फारच गरम दिसतोय, बाबा!"

"आत्ताच गाळला ना. साडेचार वाजले की हात आपोआप गॅसकडे जातो. तुझी आई असती तर हाक मारली असती." काकांनी चष्मा पुसला. "हिवाळ्यात तू येईपर्यंत गार व्हायचा. एकट्याने प्यावासा वाटत नाही रे."

कारखान्यातला एक दीड हरवू नये म्हणून धडपडणाऱ्या माझ्या मित्राने बापाला सगळा हिवाळा तासभर गार कपासमोर बसवलं होतं. मला त्याचा राग आला, आणि माझ्या आईची इतकी आठवण आली की मी पोहे परतायचे सोडून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

यंदा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुन्हा मागे गेलं. मी अजून कांदा चिरत होतो. अकरा वाजता प्रसन्न दोन कप घेऊन टेबलाशी बसला, एक माझ्याकडे सरकवला आणि नागपूरला फोन लावला.

काकांचा चष्मा वाफेने पांढरा झाला होता.