कडव्यानंतरचं क्लॅरिनेट

रेडिओ केंद्राच्या ध्वनिभांडारात तिला सगळे फौजदारबाई म्हणत. गाण्यांवर संशय घ्यायची तिला खोडच होती. एखादं गाणं लावायला दिलं की आधी त्याची उलटतपासणी व्हायची: कुठल्या तबकडीवरून आलं, किती लांबीचं, कोणी छाटलं. सहकारी हसत, पण अडचण आली की तिच्याच दारात उभे राहत.

त्या दिवशी एका श्रोत्या बाईंचा फोन आला.

"तुम्ही लावता ते गाणं अर्धवट आहे हो. दुसऱ्या कडव्यानंतर क्लॅरिनेट आहे आणि मग समुद्राचं कडवं. लग्नाआधी आमच्याकडे तबकडी होती, मला पाठ आहे."

फोन ठेवला तरी फौजदारबाईंचा हात त्यावरून निघेना. त्या गाण्यात क्लॅरिनेट वाजवलं होतं तिच्या वडिलांनी. आयुष्यात एकदाच. गाणं पहिल्यांदा रेडिओवर लागलं तेव्हा घरचे, शेजारचे कान टवकारून बसले होते आणि क्लॅरिनेट आलंच नाही. "वाईट वाजलं असेल, काढून टाकलं," एवढंच बोलून बाबांनी वाद्य कपाटावर चढवलं आणि जन्मभर छापखान्यात नोकरी केली. तबकडी विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि इच्छा तर मुळीच नव्हती. घरात त्या गाण्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून तिनेही ते कधी तपासलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावरच्या निर्मात्याने लगेच संगणक उघडला. "आपल्याकडे सव्वातीन मिनिटांचं आहे. आणि इंटरनेटवर कंपनीने टाकलेलं रीमास्टरसुद्धा तेवढंच. शब्दही तेच. त्या बाईंचं वय झालं असेल, दोन गाणी एकत्र आठवत असतील."

"रीमास्टर म्हणजे आवाज धुऊन पुसून काढलेला," ती म्हणाली. "छाटलेली टेप धुतली तर स्वच्छ निघेल, पण छाटलेलीच निघेल."

तिने हेडफोन चढवला. दुसरं कडवं संपतं तिथे गायिकेचा शेवटचा सूर घुमत होता आणि त्याचं घुमणं पुरं व्हायच्या आत धृपद सुरू होत होतं. झांजेचा नादही मध्येच तुटलेला. तिने रीमास्टर लावलं. आवाज मोठा होता, खरखर नव्हती, पण सूर नेमका त्याच जागी तुटत होता. दोन्ही एकाच कापलेल्या टेपची लेकरं होती.

मग तिने भांडारातली जुनी तबकडी काढली. तिच्यावर छापलं होतं: केवळ प्रसारणासाठी. म्हणजे कंपनीने रेडिओकरता मुद्दाम आखूड करून पाठवलेली प्रत. क्रमांकाच्या शेवटी रेडिओच्या प्रतीची खूण म्हणून एक जादा अक्षर होतं. ते अक्षर नसलेली, दुकानात विकली गेलेली तबकडी मिळायला हवी होती.

"आता पुरे की," निर्माता म्हणाला. "कोण ऐकणार आहे?"

"एक माणूस आहे," ती म्हणाली आणि पर्स उचलली.

जुन्या तबकड्यांची दुकानं तिने पालथी घातली. एका दुकानदाराने तर ओळखीच्या सुरात विचारलं, "बाई, आज कोणाला अटक?" ती हसली नाही. चौथ्या दुकानात खोक्याच्या तळाशी ती तबकडी सापडली. क्रमांक तोच, जादा अक्षर नाही. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर लांबी छापलेली होती, पाच मिनिटांच्या वर. तरी छापील आकड्यावर विश्वास ठेवेल ती फौजदारबाई कसली? तिने दुकानातच सुई टेकवायला लावली. दुसरं कडवं संपलं, सूर घुमत घुमत विरला आणि क्लॅरिनेट सुरू झालं. त्यामागून समुद्राचं कडवं. दुकानात अनोळखी माणसं होती तरी तिला रडू आवरलं नाही.

संध्याकाळी तिने ते गाणं मोबाइलवर घेऊन घरी आणलं. बाबा खिडकीशी बसले होते.

"हे ऐका."

"ते गाणं नको," पहिल्या ओळीलाच ते म्हणाले.

"ऐका म्हणते ना. मूळ गाणं हे आहे. लोकांनी विकत घेतलं ते हेच. रेडिओसाठी आखूड हवं होतं म्हणून कंपनीने तुमच्याबरोबर अख्खं कडवंही कापलं. गायिकेलाही सोडलं नाही. तुमच्या वाजवण्याशी त्याचा काही संबंध नव्हता."

क्लॅरिनेट आलं तशी बाबांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली आणि मध्येच थबकली.

"इथे श्वास कमी पडलाय माझा," ते हळूच म्हणाले. "बघ, ऐकू येतंय. तेव्हाच कळलं होतं मला."

"पडला असेल," ती म्हणाली. "तरी त्यांनी तो ठेवला होता, बाबा."

त्यांनी मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि गाणं पुन्हा सुरुवातीला कसं न्यायचं ते विचारलं.