माणशी पाणी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. यांची बदली नव्या कचेरीत झाली आणि मी, कारकुनाची बायको, स्वतःला अर्धी कलेक्टर समजायला लागले. त्याच दुष्काळी उन्हाळ्यात घरमालकांची बोअर आटली.

मालकांना सगळे आप्पा म्हणत. बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. त्यांनी आम्हा दोन्ही भाडेकरूंना हौदापाशी बोलावलं. "भाड्यात पाणी धरलंय, पण टँकर न्हाई धरला. निम्मा खर्च माझा. उरलेला तुम्ही दोघं सारखा वाटून घ्या. पावण्यारावळ्याचं पाणी मोजायचं न्हाई."

कुणीही शहाणी बाई हो म्हणाली असती. मी पदर खोचला. "सारखा कशापायी? आम्ही तिघं, त्यात एक पाळण्यातलं. या शेजारच्यांच्यात खंडीभर माणसं. माणशी करा!"

शेजारीण भडकली. "वैनी, माझ्या लेकरांच्या मुंड्या मोजून राहिल्या व्हय? मग पावणे बी मोजायचे!"

"मोजा की. हिशोब म्हणजे हिशोब."

आप्पा म्हणाले, "बरं. मांजर पण धरू का?"

मला वाटलं, जिंकले.

थोड्याच दिवसांत मुखेडकडून आई आली. गावातली विहीर कोरडी पडली होती. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, हा तिचा नेम. नातू होईपर्यंत ती माझ्याकडं यायची ती स्वतःचा तांब्या भरून घेऊनच. आता नातू झाला, नेम सुटला. पाऊस पडेपर्यंत राहीन म्हणाली. मी इतकी खूश, की रोज तिचं डोकं विंचरून द्यायची.

मग टँकर आला. हौदात पाइप सोडताना शेजारीण मोठ्यानं म्हणाली, "वैनी, आता तुमच्यात एक मुंडी वाढली बरं का!"

आईनं विचारलं, "कसली मुंडी?"

सांगावंच लागलं. आई म्हणाली, "म्हंजी माझं पाणी जावई इकत घेऊन राहिलेत?"

आप्पा पुढं झाले. "माय, तुमचा वाटा माझ्याकडं. तुम्ही राहा."

"तुमचं कशापायी पिऊ, आप्पा? तुम्ही तर माझे जावई बी न्हाई."

सगळे हसले, शेजारीणसुद्धा. आई मात्र पिशवी भरायला उठली.

"तिकडं पाणी न्हाई गं," मी म्हणाले.

"लांबून आणावं लागतं. पर तिथं मला कुणी मोजत न्हाई."

निघताना मी तिचा तांब्या भरून दिला. तिनं तो माझ्याच माठात ओतला, थेंब न सांडता, आणि एसटी स्टँडची वाट धरली.

पुढच्या टँकरला शेजारीणच आप्पांना म्हणाली, "सारखंच करा. वैनीची माय ऱ्हाईल तरी." निरोप धाडला. आई आली नाही.

नंतर पाऊसपाणी चांगलं झालं, आम्ही घरंही बदलली. आई यायची. सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. पिशवीत भरलेला तांब्या असायचा.