काळे वेफर्स

आंबेगावात आमचं बटाट्याचं रान. उन्हाळ्यात घरोघर उपासाचे वेफर्स वाळत पडायचे. त्या वर्षी आमचे काळे पडले, आणि खापर फुटलं माझ्या धाकट्या जावेवर. तिला लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

दरवर्षी आम्ही चकत्या गार पाण्यात टाकायचो, मग उकळत्या पाण्यातून काढून वाळत घालायचो. त्या दिवशी मोठं पातेलं लग्नघरी गेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "पाण्यात व्हत्या ना? मग टाका तशाच वाळत." दुपारपर्यंत लुगड्यावरच्या चकत्या काळ्या ठिक्कर. जाऊ तेव्हा बाहेरची होती, बाजूला ओट्यावर बसलेली. सासूबाई शेजारणींदेखत ओरडल्या, "हिची सावली पडली!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्नरच्या कॉलेजात मी सायन्स शिकले होते. बटाटा चिरला की आतलं एन्झाइम आणि एरवी त्याच्यापासून वेगळी राहणारी द्रव्यं एकत्र येतात, हवा लागली की काळपटतात. गार पाणी फक्त हवा अडवतं. एन्झाइम तसंच राहतं, चकती बाहेर काढली की पुन्हा कामाला लागतं. ते मरतं उकळत्या पाण्यात. यात सावलीचा काय संबंध? पण मी बोलले की सासूबाई म्हणत, "आली मास्तरीण." जाऊ मात्र दिवसेंदिवस खाली मान घालून वावरू लागली. त्या वर्षी तिला वाळवणाला हातच लावू दिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पातेलं घरात होतं, आणि वाळवणाच्या दिवशी सासूबाई रानात गेल्या होत्या. जावेनं मला हळूच सांगितलं, "बाई, मला अडचण आलीया." मी म्हटलं, "गप बस, आणि किसणी घे."

तिनं कापलेल्या चकत्या तिनंच उकळत्या पाण्यात टाकल्या, पारदर्शक होऊ लागताच काढल्या. माझ्या चकत्या मी फक्त गार पाण्यातून काढल्या. दोन लुगडी शेजारी शेजारी पसरली. संध्याकाळी तिचं लुगडं पांढरं, माझं काळं.

सासूबाईंनी घरी येताच शेजारणींना हाक मारली आणि काळ्या लुगड्याकडे बोट केलं. "पघा! हे धाकटीचंच."

"न्हाई, ते माझं," मी म्हटलं. "पांढरं तिचं. आणि ती आज बाहेरची हाय."

सासूबाईंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "मग ते पांढरं उपासाला चालायचं न्हाई. घाल गुरांना."

इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. मी तोंड उघडणार, एवढ्यात जावेनंच पुढं होऊन आपल्या लुगड्याची चारी टोकं बांधली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "गुरांना कशाला? आमी खातो."

संकष्टीला तिनं दोन ताटं भरून वेफर्स तळले. सासूबाई हट्टानं काळे, करपट दिसणारे वेफर्स चावत राहिल्या. समोर बसून आम्ही दोघी पांढरे खात होतो, आणि जाऊ मुद्दाम करकर आवाज करत होती.