आवाज चढवायचा नाही

सासुरवाडीला, कुरवंड्याला निघताना पत्नीने एकच अट घातली होती. "माझ्या भाचीचा साखरपुडा आहे. आज आवाज चढवायचा नाही. चढवलात, तर माहेरी मी एकटी जाईन." मी मान डोलावली. माझा राग तिला नवा नव्हता.

कामशेत ओलांडल्यावर गाणी लावावीत म्हणून मी गाडी कडेला घेतली. फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला दिसत होता. गाण्यांच्या अॅपमध्ये गाणे पुढे सरकत होते, पण गाडीत काहीही ऐकू येत नव्हते. फोनचे बटण दाबून आवाज शेवटपर्यंत वाढवला. गाडीचाही वाढवला. मग व्हिडिओचे अॅप उघडले, तर बातम्या सांगणारा असा कडाडला की पत्नीने कान झाकले. म्हणजे ब्लूटूथ ठीक, गाडीही ठीक.

"काल फोन तुझ्याकडे होता."

"रेसिपी बघितली. तुमच्या गाण्यांना हात लावला नाही."

"मग काय भुताने लावला?"

"भुताचं माहीत नाही. ओरडणारा मात्र शेजारी बसलाय."

यावर मी गप्प बसायला हवे होते. त्याऐवजी, तिच्या माहेरात कुणालाच धड एखादी वस्तू हाताळता येत नाही, असे बरेच काही चढ्या आवाजात बोललो. ती खिडकीबाहेर पाहू लागली. मी पुन्हा गाण्यांच्या अॅपमध्ये जाऊन बटण दाबत राहिलो.

तेवढ्यात आईचा फोन आला. ती देहूरोडला घरी एकटीच होती. तिचा आवाज गाडीभर घुमला. "आरं, तुज्या त्या डब्याला काय झालंय? मगाशी बरा गात व्हता. आता मांडणीवरची भांडी हादरत्यात. कमी कर की."

तिच्या मागे तेच गाणे वाजत होते.

सकाळी निघण्यापूर्वी आईसाठी हॉलमधल्या स्पीकरवर गाणी मीच लावून दिली होती. अॅप अजून इंटरनेटवरून त्या स्पीकरलाच धरून होते. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत 'हॉल' असे लिहिलेलेही होते. इथे रागाने दाबलेले प्रत्येक बटण तिथे आईच्या कानांवर आदळत होते.

मी आवाज उतरवला.

"आता बरं हाय. बंद नको करू," आई म्हणाली. "आन् न्हाई जमलं तर सूनबाईला इचारत जा. ती तुज्यापरीस शानी हाय."

पत्नी हसली नाही. लोणावळ्यात शिरताच तिने गाडी थांबवायला सांगितली. साडीचा पदर सावरत ती उतरली आणि शांतपणे म्हणाली, "आईंना ऐकू द्या. तुम्ही परत जा." कुरवंड्याच्या रिक्षात बसल्यावर तिने मागे वळून पाहिले नाही.

मला तरीही रागच आला होता. तिचा, फोनचा, त्या बारीक अक्षरांचा. तो ओसरला तेव्हा मागे उरलेल्याला काय म्हणावे, ते मला कळेना. त्या 'हॉल'वर बोट ठेवून गाणे गाडीत आणता आले असते. आणले नाही. आई ऐकत होती.