एक्क्याऐंशी टक्के

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची फाईल स्वतः लिहायची पद्धत नव्हती. ती वरच्या वर्गाकडून खाली यायची, घरातल्या स्वेटरसारखी. खाकी कव्हर तेवढं दर वर्षी नवं चढायचं. भंडाऱ्याबाहेरच्या त्या तीन मजली इमारतीत इंजिनिअर असेच तयार होत, आणि मीही तशीच झाले असते. पण ज्या आठवड्यात फाईल वर्गात फिरली, त्या आठवड्यात मी करडी गावाला चुलत बहिणीच्या लग्नात जेवण वाढत होते. परत आले तोवर फाईल कुणाकडे आहे हे कुणीच सांगेना. म्हणून प्रोग्राम मी स्वतः लिहिला. यात प्रामाणिकपणा शोधू नये. माझा नाइलाज होता.

प्रयोग ब्रँच प्रेडिक्टरचा होता. प्रोग्राम चालताना वाट फुटते तिथे प्रोसेसर थांबून राहत नाही, उडी मारायची की सरळ जायचं याचा आधीच अंदाज बांधतो आणि पुढे निघतो. आम्हाला हा अंदाज बांधणारा सी भाषेत उभा करायचा होता. प्रत्येक वाटेसाठी दोन बिटांचा एक काउंटर, शून्य ते तीन. दोन किंवा तीन असेल तर 'उडी मारणार' म्हणायचं, शून्य किंवा एक असेल तर 'नाही'. मग खरोखर उडी झाली तर काउंटर एकाने वर, नाही तर एकाने खाली. तीनच्या वर जायचं नाही, शून्याच्या खाली उतरायचं नाही. सुरुवातीला सगळे काउंटर एकवर.

मला हे लगेच पटलं, कारण माझे बाबा असेच आहेत. मोहाडीच्या तहसील कार्यालयात ते कारकून होते. सकाळची बस एखाद दिवस आली नाही तरी दुसऱ्या दिवशी ते स्टँडवरच उभे राहत. लागोपाठ दोन दिवस आली नाही, की तिसऱ्या दिवशी मुकाट ऑटोत बसत. एका चुकीवर मत बदलायचं नाही, दोन झाल्या की बदलायचं.

लॅबमधल्या मशीनवर एक ट्रेस फाईल होती. कधीतरी एक सॉर्टिंगचा प्रोग्राम चालवून त्यातल्या प्रत्येक ब्रँचची नोंद तिच्यात घेतलेली होती. एका ओळीत एक पत्ता, आणि पुढे एक किंवा शून्य, म्हणजे उडी झाली की नाही. प्रोग्रामने ओळ वाचायची, त्या पत्त्याचा काउंटर पाहून अंदाज करायचा, खऱ्या उत्तराशी ताडून बघायचा आणि मग काउंटर बदलायचा. शेवटी शंभरातले किती अंदाज बरोबर आले ते सांगायचं. माझे एक्क्याऐंशी आले. वर्गात बाकी सगळ्यांचे नव्वद.

लॅब घेणाऱ्या सरांनी माझी फाईल पाहिली आणि पेनाला टोपण लावलं.

"तुह्यं कमी काहून येऊन राहिलं?"

"मशीननं तेवढंच दिलं, सर."

"मशीन एकच हाये. ट्रेस एकच हाये. साऱ्यांचं नव्वद, तुह्यंच एक्क्याऐंशी? जाय, नीट कर. नव्वद आल्याबिगर सही भेटत नाही."

सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष गेलं. बाबांनी ऑफिसात मुलगी इंजिनिअर होते आहे म्हणून आगाऊ पेढे वाटून ठेवले होते. दोन दिवस मी स्वतःच्या प्रोग्रामात चूक शोधली. एकही सापडेना, याचंच मला रडू येत होतं. शेवटी मैत्रिणीकडून ती नव्वदवाली फाईल मिळवली आणि ओळीला ओळ लावून पाहिली. फरक एकच होता. त्यात काउंटर आधी बदलला होता आणि अंदाज नंतर ताडला होता. म्हणजे उत्तर आधी बघायचं, त्याप्रमाणे मत सरकवायचं, आणि मग छाती पुढे काढून म्हणायचं, मी हेच म्हणत होतो! अशी माणसं आमच्या नात्यात भरपूर आहेत, पण ती सीमध्येही असतील असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर दहा ओळींची एक ट्रेस हाताने टाइप केली. पत्ता एकच. उडी, नाही, उडी, नाही, असं शेवटपर्यंत. त्यावर दोन्ही प्रोग्राम चालवले. माझ्या प्रोग्रामने सांगितलं, शून्य टक्के. फाईलमधल्याने सांगितलं, शंभर.

सर खूश झाले. "पाह्य! त्याचं शंभर, तुह्यं शून्य! आता तरी समजलं?"

"सर, काउंटर एकवर हाये म्हणून तो 'नाही' म्हणते, तं उडी होते. मग दोनवर जाते अन् 'उडी' म्हणते, तं होत नाही. परत एकवर. तो दर वेळी चुकतेच. अशा ट्रेसवर याले शंभर येऊच शकत नाही. उत्तर पाहून सांगितलं तरच येते."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. फाईलमधल्या प्रोग्रामवर बोट ठेवून एक एक ओळ वाचत गेले. काउंटर बदलणारी ओळ आली तिथे बोट थांबलं.

"हा प्रोग्राम माह्या हातचा हाये," ते म्हणाले. "मी फायनलले होतो तवाचा. परीक्षा घ्याले आलेल्या एक्सटर्नलनं पाठ थोपटली होती माही."

मला त्यांची दया आली. खरंच आली. त्यांनी माझ्या फाईलवर सही केली, खाली तारीख घातली, आणि म्हणाले, "तू फिकर नको करू. एक्सटर्नलले मी सांगतो, तुह्यंच बरोबर हाये म्हणून." इतक्या वर्षांत एका शिक्षकाने आपली चूक मान्य केलेली मी पहिल्यांदा पाहत होते. त्या दिवशी मी बसमध्ये उभ्याने घरी आले, तरी पाय दुखले नाहीत.

परीक्षेला नागपूरहून एक वयस्क एक्सटर्नल आले. फायलींचा ढीग, चहा, मारी बिस्किटं. माझी फाईल उघडून त्यांनी चष्मा वर केला.

"सगळ्यांची अचूकता नव्वद आहे. तुमची एक्क्याऐंशी कशी?"

मी सांगायला लागले. आधी अंदाज, मग काउंटर. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला. माझ्यामागे अजून सतरा जण उभे होते. ते शेजारी बसलेल्या सरांकडे वळले. "तुम्ही यांना शिकवलंय. काय म्हणता?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या ढिगाकडे पाहिलं. त्यातल्या प्रत्येक फाईलमध्ये त्यांचाच प्रोग्राम होता.

"मुलगी मेहनती आहे, सर," ते म्हणाले.

आमच्याकडे मेहनती कुणाला म्हणतात ते मला लहानपणापासून माहीत आहे. ज्याला डोकं नाही त्याला. एक्सटर्नलनी समजल्यासारखी मान हलवली आणि मला पास करण्यापुरते गुण दिले. वर्गात सर्वांत कमी. मला सरांचा असा राग आला, की बाहेर आल्यावर चप्पल उलटी घातली गेली.

थोड्या वेळाने सर पाणी प्यायला बाहेर आले. मला पाहून कूलरपाशी थबकले.

"झाली नं पास? मंग?"

मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. चांगली चार वाक्यं तयार होती. आणि मी म्हणाले, "थँक्यू, सर."

सरांवरचा राग पुढे ओसरला. त्या थँक्यूचा अजून ओसरलेला नाही.